सरकणारा किरण, वळणारा किरण

काचेतून आरपार जाताना प्रकाशाच्या किरणाचं ढोबळमानाने दोनपैकी एक काहीतरी होतं. काच सपाट आणि दोन्ही बाजूंनी समांतर असली, तर किरणाची दिशा बदलत नाही, तो फक्त थोडा बाजूला सरकतो. काच पातळ भिंगाची असली, तर किरण जागचा जवळपास हलत नाही, पण त्याची दिशा बदलते. पहिली गोष्ट खिडकीच्या तावदानात रोज घडते, दुसरी चष्म्यात. शाळेच्या विज्ञानात या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत येतात. अपवर्तनाच्या धड्यात काचेचा ठोकळा आणि टाचण्या येतात, भिंगांच्या धड्यात P = P₁ + P₂ हे सूत्र येतं. मुलं दोन्ही पाठ करतात, पण या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. तो संबंध चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. तिथे पोहोचण्यासाठी सुरुवात मात्र ठोकळ्यापासून करायला हवी.

ड्रॉइंग बोर्डवर कागद लावायचा, त्यावर काचेचा आयताकृती ठोकळा ठेवायचा आणि टोकदार पेन्सिलीने त्याची कड आखून घ्यायची. एका बाजूला तिरप्या रेघेवर दोन टाचण्या रोवायच्या. मग दुसऱ्या बाजूने ठोकळ्यातून बघत आणखी दोन टाचण्या अशा रोवायच्या, की चारही एका ओळीत दिसाव्यात. ठोकळा उचलून टाचण्यांच्या छिद्रांतून रेघा काढल्या, की आत जाणारी रेघ आणि बाहेर आलेली रेघ एकमेकींना समांतर निघतात, पण एका ओळीत नसतात. जणू गाडी सांधा बदलून शेजारच्या रुळावर गेली आणि त्याच दिशेने पुढे निघाली. या दोन रेघांमधलं काटकोनात मोजलेलं अंतर म्हणजे किरणाचं बाजूला सरकणं.

दिशा तीच का राहते? हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून किरण पृष्ठभागावरच्या लंबाकडे झुकतो. काचेतून तो सरळ जातो आणि समोरच्या पृष्ठभागावर आदळतो. तो पृष्ठभाग पहिल्याला समांतर असल्यामुळे, आत शिरल्यावर किरणाचा लंबाशी जेवढा कोन झाला होता, नेमका तेवढाच कोन इथेही असतो. बाहेर पडताना तीच क्रिया उलटी होते आणि मूळ कोन परत मिळतो. यात काचेची जात, जाडी, किरणाचा तिरपेपणा यांतलं काहीही आड येत नाही. अट दोनच गोष्टींची आहे: पृष्ठभाग समांतर हवेत, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना एकच माध्यम हवं. माशांच्या टाकीच्या काचेला आतून पाणी आणि बाहेरून हवा असते, म्हणून तिथे हा नियम लागू पडत नाही.

आता किती सरकतो ते पाहू. ठोकळ्याची ज्या बाजूने किरण जातो ती रुंदी ५० मिलिमीटर आहे, काचेचा अपवर्तनांक १.५ आहे आणि किरण ४५ अंशांनी तिरपा आत शिरतो आहे असं धरू. आत गेल्यावर लंबाशी त्याचा कोन सुमारे २८ अंशांचा होतो. तिरपा जात असल्यामुळे ५० मिलिमीटर रुंदी ओलांडायला त्याला आतून सुमारे ५६.७ मिलिमीटर चालावं लागतं. ही वाट त्याच्या मूळ वाटेपासून ४५ वजा २८, म्हणजे सुमारे १७ अंशांनी कलती आहे. ५६.७ मिलिमीटर लांबीची आणि १७ अंश कललेली वाट चालून गेलं, की मूळ रेघेपासून साधारण साडेसोळा मिलिमीटर दूर पोहोचतो. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं:

s = t × sin(i − r) ÷ cos r

यात t ही काचेची जाडी, i आत शिरतानाचा कोन आणि r काचेच्या आतला कोन. त्याच ठोकळ्यावर किरण ३० अंशांनी आला तर तो ९.७ मिलिमीटर सरकतो, ६० अंशांनी आला तर साडेपंचवीसच्या थोडा पुढे. सरळ लंबातून आला तर मुळीच सरकत नाही. पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेला, तर सरकणं काचेच्या जाडीएवढं होऊ लागतं, त्यापलीकडे मात्र ते कधीच जात नाही. काच जितकी जाड तितकं सरकणं जास्त, हे प्रमाण सरळ आहे.

प्रयोग बिघडतो तो बहुधा टाचण्यांमुळे. एका बाजूच्या दोन टाचण्या अगदी जवळजवळ रोवल्या, तर त्यांच्यावरून काढलेली रेघ एका छिद्राच्या रुंदीनेही अंश दोन अंश फिरते, म्हणून त्यांच्यात निदान पाच-सहा सेंटिमीटर अंतर हवं. टाचण्या तिरक्या असतील तर डोक्यांकडे बघून लावलेली ओळ कागदावर खोटी ठरते. ओळ नेहमी पायथ्याकडे बघून जुळवायची. चूक झाली हे कळतंही लगेच: आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा कोन मोजला आणि त्यांच्यात एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक निघाला, तर दोष काचेचा क्वचितच असतो.

सरकण्याचं सूत्र नीट पाहिलं, की त्यात काय नाही हेही दिसतं. वस्तू किती लांब आहे, याचा त्यात उल्लेखच नाही. घराच्या खिडकीची काच ४ मिलिमीटर जाडीची असली आणि आपण तिच्यातून ४५ अंशांनी तिरपं पाहिलं, तर समोरचं दृश्य सुमारे १.३ मिलिमीटर सरकलेलं असतं. गजावर बसलेली चिमणी १.३ मिलिमीटर सरकते आणि दोन किलोमीटरवरचा डोंगरही १.३ मिलिमीटरच. म्हणून खिडकीतून बाहेर बघताना आपल्याला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. किरण काचेच्या कोणत्या भागातून गेला, हेही सूत्रात नाही. काच तिच्याच प्रतलात वर-खाली, डावी-उजवीकडे कितीही सरकवा, बाहेरचा किरण आहे तिथेच राहतो. तो हलतो फक्त काच फिरवून कोन बदलला तर. या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, पुढे दोन्ही लागणार आहेत.

पृष्ठभाग थोडेसे जरी असमांतर असले तरी चित्र पार बदलतं. काचेचे दोन पृष्ठभाग एकमेकांशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करत असले, तर किरण साधारण त्याच्या निम्म्या कोनाने वळतो. हा कोन नगण्य वाटतो, पण शंभर मीटर अंतरावर त्याने साडेचौदा मिलिमीटरचा फरक पडतो आणि दोनशे मीटरवर दुप्पट. सरकणं तेवढंच राहतं आणि वळणं अंतराबरोबर वाढत जातं. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतून पाहताना मान हलवली की बाहेरचं झाड लाटेसारखं वाकतं ते यामुळे. त्या काचेची जाडी जागोजागी वेगळी असते, आणि तिचा प्रत्येक तुकडा किरणाला जरा वेगळ्या दिशेने वळवतो.

काचेच्या सरकवण्यातून एक सुंदर मोजमाप करता येतं, हे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं. डोळ्याच्या आत पाहण्याचं ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण त्याने १८५१ मध्ये बनवलं होतं. त्यानंतर काही वर्षांतच तो जिवंत माणसाच्या कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजण्याच्या मागे लागला. कॉर्निया ओला आणि चकचकीत असतो, त्यामुळे तो लहानशा बहिर्गोल आरशासारखं काम करतो. समोर दोन दिवे ठेवले की त्यांचं इवलंसं प्रतिबिंब डोळ्यात दिसतं. कॉर्निया जितका जास्त वाकलेला, तितकं प्रतिबिंब लहान. म्हणजे प्रतिबिंबातल्या दोन दिव्यांमधलं अंतर मोजलं, की वक्रता हाती येते. अडचण अशी, की माणसाचा डोळा क्षणभरही स्थिर राहत नाही. दुर्बिणीतल्या मोजपट्टीवर एक दिवा जुळवेपर्यंत दुसरा निसटलेला असतो.

हेल्महोल्ट्झने दुर्बिणीच्या तोंडाशी दोन सपाट समांतर काचा बसवल्या. एका काचेने दुर्बिणीच्या तोंडाचा वरचा अर्धा भाग व्यापला, दुसरीने खालचा. एक काच एका बाजूला जितकी फिरेल तितकीच दुसरी उलट बाजूला फिरेल, अशी रचना केली. काचा सरळ असताना एकच प्रतिबिंब दिसतं. त्या फिरवायला लागलं की एक काच ते डावीकडे सरकवते, दुसरी उजवीकडे, आणि एकाची दोन प्रतिबिंबं होतात. एका प्रतिबिंबातला डावा दिवा दुसऱ्यातल्या उजव्या दिव्यावर येऊन बसला, की थांबायचं. त्या क्षणी दोन्ही काचांनी मिळून केलेलं सरकणं दिव्यांच्या प्रतिबिंबातल्या अंतराएवढं असतं. डोळा हलला तरी दोन्ही प्रतिबिंबं बरोबरच हलतात, त्यांची जुळणी मोडत नाही. आणि सरकणं वस्तूच्या अंतरावर अवलंबून नसल्यामुळे रुग्णाचं डोकं थोडं पुढेमागे झालं तरी काचांनी केलेलं माप बदलत नाही. खिडकीच्या काचेत ज्याची आपल्याला दखलही घ्यावी लागत नाही, तेच इथे मोजपट्टी झालं. मला ही युक्ती भौतिकशास्त्रातल्या सर्वांत समाधान देणाऱ्या युक्त्यांपैकी एक वाटते.

आकड्यांनी करून पाहू. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी घेतले आहेत. दिवे एकमेकांपासून ४०० मिलिमीटरवर आणि डोळ्यापासून एक मीटर दूर. काचा ४ मिलिमीटर जाडीच्या. जुळणी झाली तेव्हा प्रत्येक काच ३० अंश फिरलेली होती. या कोनाला प्रत्येक काच ०.७७५ मिलिमीटर सरकवते, दोन्ही मिळून १.५५ मिलिमीटर. ४०० मिलिमीटर अंतराचं प्रतिबिंब १.५५ मिलिमीटर एवढं लहान करणाऱ्या आरशाची त्रिज्या ७.७५ मिलिमीटर निघते. निरोगी डोळ्याच्या कॉर्नियाची त्रिज्या साधारण एवढीच असते. नेत्रतज्ज्ञ तिला थेट शक्तीत बदलतात: ३३७.५ भागिले मिलिमीटरमधली त्रिज्या. उत्तर येतं सुमारे ४३.५ डायॉप्टर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कॉर्नियाची वक्रता आजही मोजतात, कारण डोळ्यात कोणत्या नंबरची कृत्रिम लेन्स बसवायची हे त्यावर ठरतं. कॉर्नियाच्या मापात एका डायॉप्टरची चूक झाली, तर लेन्सच्या निवडीतही जवळजवळ तेवढीच चूक होते. उपकरणं आता खूप बदलली आहेत, पण प्रतिबिंबाची दोन रूपं करून ती जुळवण्याची कल्पना १८८१ च्या झावाल आणि शियॉट्झ यांच्या उपकरणातही टिकून राहिली. त्यात सपाट काचांऐवजी लोलक होता.

डायॉप्टर हे नाव आलंच आहे, तर आता भिंगाकडे वळू. चष्म्याच्या नंबराचं एकक म्हणजे डायॉप्टर. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि एकाला त्याने भागायचं. अर्ध्या मीटरवर किरण एकत्र आणणारं भिंग अधिक दोन नंबरचं. पण ही व्याख्या नुसती पाठ केली, तर शक्तींची बेरीज का होते हे कळत नाही. त्यासाठी एकच किरण घेऊन तो किती वळतो ते पाहावं.

अधिक २ नंबरचं भिंग घ्या. त्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटर वर, अक्षाला समांतर असा एक किरण येऊन पडला. भिंग त्याला असं वळवतं, की पुढे प्रत्येक मीटरला तो दोन सेंटिमीटर खाली उतरतो. उतरायचं आहे एकच सेंटिमीटर, म्हणून अर्ध्या मीटरवर तो अक्षाला भेटतो. नाभीय अंतर बरोबर अर्धा मीटर. किरण मध्यापासून दोन सेंटिमीटरवर पडला असता, तर भिंगाने त्याला दुप्पट वळवलं असतं, आणि तोही अर्ध्या मीटरवरच अक्षाला भेटला असता. म्हणजे भिंगाचा नंबर खरं तर हेच सांगतो, की मध्यापासून दर सेंटिमीटरला ते किरणाला मीटरमागे किती सेंटिमीटर वळवतं.

आता त्या भिंगाला अगदी चिकटून अधिक ३ नंबरचं दुसरं भिंग ठेवा. पहिल्यातून बाहेर पडलेला किरण लगेच दुसऱ्यात शिरतो. मध्ये जागाच नाही, त्यामुळे तो अजूनही मध्यापासून एक सेंटिमीटर उंचीवरच आहे. दुसरं भिंग त्याला मीटरमागे आणखी तीन सेंटिमीटर वळवतं. एकूण पाच. एक सेंटिमीटर उतरायला आता त्याला २० सेंटिमीटर पुरतात. जोडीचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, म्हणजे शक्ती अधिक ५. वळणं वळणात मिळतं, म्हणून शक्ती शक्तीत मिळते. नाभीय अंतरांची मात्र बेरीज होत नाही. इथे ५० आणि सुमारे ३३ सेंटिमीटर मिळून २० होतात.

डायॉप्टर येण्यापूर्वी चष्मेवाल्यांना याचाच त्रास होता. तेव्हा भिंगाला त्याच्या नाभीय अंतराच्या इंचांवरून नंबर देत. २० नंबरचं आणि ३० नंबरचं भिंग एकत्र ठेवलं तर किती, हे काढायला एक भागिले वीस अधिक एक भागिले तीस करून उत्तर उलटं करावं लागे, तेव्हा कुठे १२ मिळे. मोठा नंबर म्हणजे सौम्य भिंग, हा उलटा प्रकार वेगळाच. शिवाय पॅरिसचा इंच २७ मिलिमीटरच्या थोडा पुढचा आणि इंग्रजी इंच २५.४ मिलिमीटरचा, त्यामुळे एका देशातला नंबर दुसऱ्या देशात जुळत नसे. फर्दिनां मोनोयेर या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ मध्ये डायॉप्टर हे एकक सुचवलं आणि अपूर्णांकांची कटकट साध्या बेरजेवर आली. आज डोळे तपासताना समोरच्या जड फ्रेममध्ये एकावर एक काचा सरकवत ‘आता नीट दिसतं का’ असं विचारतात, ते या बेरजेच्या भरवशावर.

या सगळ्यात ‘पातळ’ आणि ‘चिकटून’ या दोन शब्दांनी मोठं काम केलं आहे. भिंगाच्या अगदी मध्यावर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना समांतर असतात. तेवढा तुकडा म्हणजे काचेचा छोटासा सपाट ठोकळाच. म्हणून मध्यातून जाणारा किरण दिशा न बदलता जातो असं आपण शिकतो. तो थोडा सरकतोही: २ मिलिमीटर जाडीच्या मध्यातून १० अंश तिरपा किरण गेला तर सुमारे ०.१२ मिलिमीटर. भिंग पातळ आहे असं म्हणताना आपण हे सरकणं सोडून देत असतो. आणि भिंगं चिकटून आहेत असं म्हणताना, एका भिंगातून दुसऱ्यात जाईपर्यंत किरणाची उंची बदलली नाही असं धरत असतो. ठोकळ्यात फक्त सरकणं उरलं होतं आणि वळणं पूर्णपणे रद्द झालं होतं, इथे उलट आहे. भिंगांचं सगळं गणित सरकणं विसरून उभं राहिलेलं आहे, म्हणूनच ते इतकं सोपं आहे.

हे दोन्ही एकाच हातात पाहायचं असेल तर चष्म्याच्या दुकानात जावं. जुना चष्मा आणला आहे, नंबरचा कागद हरवला आहे, आणि नंबर दाखवणारं मशीन हाताशी नाही. मग चष्मेवाला ट्रायल लेन्सचा बॉक्स उघडतो. त्यात अधिक आणि वजा नंबरांच्या काचा पाव-पावच्या अंतराने ओळीने लावलेल्या असतात. तो चष्मा हातभर लांब धरतो, त्यातून दूरच्या खिडकीच्या गजांकडे बघतो आणि चष्मा हळूहळू वर-खाली हलवतो. काच वजा नंबरची असेल, तर गजही काचेच्याच दिशेने हलताना दिसतात. अधिक नंबरची असेल, तर ते उलट दिशेने पळतात. काच हलली की नजर तिच्या वेगळ्या भागातून जाते, आणि भिंगाचा प्रत्येक भाग किरणाला वेगळ्या कोनात वळवतो, म्हणून ही हालचाल दिसते.

समजा, गज काचेबरोबर हलले. म्हणजे नंबर वजाचा. चष्मेवाला त्या काचेवर अधिक १ ची काच टेकवून पुन्हा हलवून बघतो. हालचाल कमी झाली, पण आहे. अधिक २ टेकवली. आता अगदी थोडी, तरी सोबतच. अधिक २.५० टेकवली, तर गज उलटे हलू लागले. मग मधली, अधिक २.२५. काच कितीही हलवली तरी गज ढिम्म हलत नाहीत. नंबर वजा २.२५. पहिल्या फेरीत उरलं होतं वजा १.२५, दुसऱ्या फेरीत वजा पाव, तिसरीत अधिक पाव, आणि शेवटी शून्य. दोन भिंगांची बेरीज शून्य झाली, तेव्हा ती जोडी म्हणजे समांतर काचेचा ठोकळाच झाली. तो ठोकळा किरण सरकवू शकतो, पण त्याच्या कोणत्याही भागातून पाहिलं तरी सारखाच सरकवतो. म्हणून काच हलवूनही गज जागेवर राहिले. एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असलेलं भिंग त्याच वक्रतेच्या खोलगट भिंगात नेमकं बसवलं, तर डोळ्यांनाही तो सपाट ठोकळाच दिसतो.

यात पाव नंबरचा फरक डोळ्यांना कळायला हवा, म्हणून लांबचं काहीतरी बघायचं. पाव डायॉप्टर उरला असताना काच दोन सेंटिमीटर हलवली, तर सहा मीटरवरचे गज तीन सेंटिमीटर सरकल्यासारखे वाटतात. तेच एक मीटरवरच्या टेबलाच्या कडेकडे बघितलं, तर हालचाल अवघी अर्धा सेंटिमीटर, आणि ती निसटू शकते. चष्म्यात तिरपा नंबर असला तर काच गोल फिरवताना उभे आणि आडवे गज कातरीच्या पात्यांसारखे एकमेकांकडे झुकतात. मग दोन दिशांचे नंबर वेगवेगळे शोधावे लागतात.

मोठ्या नंबरांना ही पद्धत दगा देते, आणि त्याचं कारण पुन्हा ‘चिकटून’ या शब्दात आहे. चष्म्याची काच बाहेरून फुगीर असते आणि तिच्यावर टेकवलेली काच सगळीकडून तिला चिकटू शकत नाही, मध्ये फट राहते. फट असली की काय होतं ते मघाच्याच किरणावर पाहू. अधिक २ आणि अधिक ३ ची भिंगं चिकटून न ठेवता दहा सेंटिमीटर दूर ठेवली. पहिल्याने किरणाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतरवलं, म्हणजे दहा सेंटिमीटर जाईपर्यंत तो ०.२ सेंटिमीटर खाली आला. दुसऱ्या भिंगावर तो ०.८ सेंटिमीटर उंचीवर पडला, आणि त्याने तीनऐवजी २.४ च वळवलं. एकूण ४.४. सूत्र हेच सांगतं:

P = P₁ + P₂ − d × P₁ × P₂

चष्मा अधिक १० चा आणि टेकवलेली काच वजा १० ची असेल, तर नुसती बेरीज शून्य होते. पण त्यांच्यात २ मिलिमीटरचीही फट असली, तर शेवटचा भाग ०.२ डायॉप्टर देतो. गज उलटे हलतच राहतात, आणि चष्मेवाल्याला वजा १०.२५ ची काच लावावी लागते. नंबर पाव जास्त वाचला जातो. मोतीबिंदूनंतर डोळ्यात लेन्स न बसवता जाड चष्मा देत, त्या काळात असे दहा-बारा नंबर नेहमीचे होते. दोन नंबरच्या चष्म्यात मात्र तेवढ्याच फटीने ०.०१ डायॉप्टरही फरक पडत नाही.

आपल्या डोळ्यातही ही वजाबाकी चालू असते. कॉर्नियाची शक्ती सुमारे ४३ डायॉप्टर, आतल्या नैसर्गिक भिंगाची सुमारे १९. बेरीज ६२ होते, पण पूर्ण डोळ्याची शक्ती ५९ च्या आसपास भरते, कारण ती दोन्ही एकमेकांपासून काही मिलिमीटर दूर आहेत.

चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स घेणाऱ्यांना हा फरक थेट अनुभवायला मिळतो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो, कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियावरच बसते. वजा २ चा चष्मा असेल तर लेन्सचा हिशेब वजा १.९५ येतो, म्हणजे तोच नंबर चालतो. वजा ६ असेल तर वजा ५.६० येतो, आणि साधारण अर्ध्या नंबराने कमी लेन्स द्यावी लागते. वजा १० चं वजा ८.९ होतं. अधिक १० असेल तर नंबर उलट वाढून सुमारे ११.३६ वर जातो. म्हणून चार नंबरच्या वरचा चष्मा असेल, तर चष्म्याच्या कागदावरचा आकडा जसाच्या तसा सांगून कॉन्टॅक्ट लेन्स मागवू नये, तपासणाऱ्याकडून लेन्ससाठीचा वेगळा नंबर लिहून घ्यावा.